मिठागराच्या मधोमध सेगमेंटेशन का चुकते: रिसेप्टिव्ह फील्डचा हिशेब आणि दुरुस्ती

लक्षण

ठाणे खाडीच्या पश्चिम काठाने, कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड यांच्या पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि खाडी यांच्यामध्ये मिठागरांचा पट्टा आहे. या पट्ट्याच्या हवाई किंवा उपग्रह चित्रांवर मिठागर, खाडीचे पाणी, चिखलाचा पट्टा, खारफुटी आणि बांधकाम असे वर्ग वेगळे करणारे नेटवर्क शिकवले, की एक तक्रार हमखास पुढे येते. मिठागराच्या कप्प्यांच्या कडेकडेचे पिक्सेल बरोबर ओळखले जातात, लहान कप्पे पूर्णपणे बरोबर येतात, परंतु मोठ्या कप्प्यांच्या मधोमध खाडीच्या पाण्याचा किंवा चिखलाचा एक मोठा डाग उमटतो. डाटा वाढवला, लॉस फंक्शन बदलले, वर्गांची वजने फिरवली, शिकवण्याचा काळ दुप्पट केला, तरी डाग थोडा आक्रसतो आणि पुढच्या चित्रात पुन्हा दिसतो.

हा दोष बहुतेक वेळा शिकवण्यात नसतो, तो रचनेत असतो. पावसाळा संपल्यानंतर कप्प्यांत पाणी असते, मीठ अजून दिसत नसते, आणि त्या पाण्याचा रंग व पोत ओहोटीच्या वेळच्या उथळ खाडीहून फारसा निराळा नसतो. तो कप्पा मिठागराचा आहे हे सांगणारी खूण पाण्यात नसून त्याच्या भोवतीच्या सरळ, काटकोनात मिळणाऱ्या मातीच्या बांधांत असते. कप्प्याच्या मध्यावरच्या पिक्सेलचा निर्णय घेताना नेटवर्कच्या नजरेच्या टप्प्यात एकही बांध येत नसेल, तर त्या पिक्सेलला बरोबर उत्तर देण्यासाठी लागणारी माहितीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि नसलेली माहिती कोणतेही लॉस फंक्शन निर्माण करू शकत नाही. एखाद्या आउटपुट पिक्सेलच्या उत्तरावर इनपुटमधील जेवढ्या भागाचा परिणाम होऊ शकतो, तेवढा भाग म्हणजे त्याचे रिसेप्टिव्ह फील्ड. प्रतिमेला एकच नाव द्यायचे असते तेव्हा शेवटी संपूर्ण प्रतिमेची सरासरी घेतली जाते आणि ही उणीव झाकली जाते. सेगमेंटेशनमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते, म्हणून ती नकाशावर जशीच्या तशी उमटते.

आधी खात्री: चूक बांधापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे का?

रचनेला हात लावण्यापूर्वी एक मोजणी अवश्य करावी. खऱ्या लेबलमधील प्रत्येक मिठागर पिक्सेलचे त्याच्या वर्गाच्या सीमेपासूनचे अंतर काढावे (`scipy.ndimage.distance_transform_edt` हे काम एका ओळीत करते), अंतराचे दहा-दहा पिक्सेलांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटात किती टक्के पिक्सेल चुकले ते मांडावे. लेबलमध्ये सलग लागून असलेले कप्पे एकाच आकारात रंगवलेले असतील, तर अंतर बांधांच्या रेषांपासून मोजावे, संपूर्ण मिठागराच्या बाह्य सीमेपासून नव्हे. नाहीतर दोन कप्प्यांमधला बांध हिशेबातून निसटतो आणि आलेख दिशाभूल करतो.

आलेखाचा आकार निदान सांगतो. चूक सीमेलगत सर्वाधिक असेल आणि आत कमी होत असेल, तर प्रश्न लेबलच्या अचूकतेचा किंवा गमावलेल्या रिझोल्यूशनचा आहे. चूक सर्व अंतरांवर सारखीच असेल, तर ऋतू, भरती-ओहोटीची वेळ किंवा शिकवणीतील नमुन्यांची कमतरता यांकडे पाहावे. परंतु एका विशिष्ट अंतरापर्यंत चूक कमी आणि त्यापलीकडे ती झपाट्याने वाढत असेल, तर ते अंतर म्हणजे नेटवर्कच्या नजरेची मर्यादा असण्याची शक्यता फार मोठी आहे. पुढचा सगळा मजकूर या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आणखी एक साधी चाचणी माणसावर करता येते आणि मला ती फार मोलाची वाटते. चुकलेल्या पिक्सेलभोवतीचा, हिशेबाने येणाऱ्या रिसेप्टिव्ह फील्डएवढाच चौकोन कापून लेबल करणाऱ्या सहकाऱ्याला दाखवावा आणि मधला पिक्सेल कोणत्या वर्गाचा आहे ते विचारावे. ज्याने तो कप्पा पूर्ण चित्रात निःशंकपणे मिठागर म्हणून रंगवला होता, त्यालाच त्या चौकोनावरून सांगता आले नाही, तर नेटवर्ककडून वेगळी अपेक्षा करता येत नाही.

हिशेब कसा करावा

प्रत्येक थरासाठी दोन संख्या पुढे न्यायच्या असतात. पहिली `r`, म्हणजे त्या थरापर्यंतचे रिसेप्टिव्ह फील्ड, इनपुटच्या पिक्सेलांत. दुसरी `j`, म्हणजे त्या थरातील शेजारच्या दोन पेशींमध्ये इनपुटवर किती पिक्सेलांचे अंतर आहे ते. सुरुवातीला दोन्ही १ असतात. कर्नलचा आकार `k`, स्ट्राइड `s` आणि डायलेशन `d` असलेला थर आला, की

```
r_new = r + d * (k - 1) * j
j_new = j * s
```

यात क्रम महत्त्वाचा आहे. `r` वाढवताना थरात शिरण्यापूर्वीचा `j` वापरायचा आणि त्यानंतरच `j` ला स्ट्राइडने गुणायचे. हा क्रम उलटला तर प्रत्येक पूलिंगची भर दुप्पट मोजली जाते आणि कागदावरचे रिसेप्टिव्ह फील्ड खऱ्यापेक्षा मोठे दिसते. पूलिंगलाही कर्नल असतो हे विसरू नये: २×२ पूलिंग स्वतः `r` मध्ये फक्त `j` एवढी भर घालते, पण त्यानंतरच्या प्रत्येक कन्व्होल्यूशनची भर दुप्पट करून ठेवते, आणि तिचा खरा परिणाम तोच आहे. रेलू, बॅच नॉर्मलायझेशन आणि १×१ कन्व्होल्यूशन यांची भर शून्य असते.

आता उदाहरण. चित्रे ५० सेंटिमीटर प्रति पिक्सेल या रिझोल्यूशनची आहेत असे धरू. नेटवर्क यू-नेटच्या धर्तीचे, पण लहान आहे: दोन ३×३ कन्व्होल्यूशन आणि एक २×२ पूलिंग असे तीन टप्पे, तळाशी आणखी दोन ३×३ कन्व्होल्यूशन, आणि नंतर त्याच पायऱ्यांनी वर येणारा डिकोडर.

पहिल्या टप्प्यात `j` १ आहे, म्हणून दोन कन्व्होल्यूशनांनी `r` ३ आणि मग ५ होतो; पूलिंगने तो ६ होतो आणि `j` २ होतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक कन्व्होल्यूशन ४ पिक्सेलांची भर घालते: १०, १४, आणि पूलिंगनंतर १६, `j` ४. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकी ८ ची भर: २४, ३२, आणि पूलिंगनंतर ३६, `j` ८. तळाशी प्रत्येकी १६ ची भर: ५२ आणि ६८. म्हणजे तळाच्या एका पेशीला ६८ पिक्सेल, जमिनीवर ३४ मीटर, एवढा चौकोन दिसतो.

```python
def rf(layers):
    r, j = 1, 1
    for k, s, d in layers:
        r += d * (k - 1) * j
        j *= s
    return r, j

c, p = (3, 1, 1), (2, 2, 1)
print(rf([c, c, p] * 3 + [c, c]))   # (68, 8)
```

येथे अनेक जण थांबतात, पण सेगमेंटेशनमध्ये डिकोडरही थोडी भर घालतो, कारण वर येताना त्याची कन्व्होल्यूशन तळाच्या शेजारच्या पेशींची माहिती एकत्र करतात. २×२ कर्नलचे, स्ट्राइड २ चे ट्रान्सपोज्ड कन्व्होल्यूशन वापरले आणि प्रत्येक पायरीवर दोन ३×३ कन्व्होल्यूशन ठेवली, तर अंतिम पिक्सेलचे उत्तर तळाच्या चार किंवा पाच सलग पेशींवर अवलंबून असते. तो पिक्सेल आठच्या जाळीत कोठे पडतो यावर चार की पाच ते ठरते. त्यामुळे एकूण रिसेप्टिव्ह फील्ड ६८ + ३×८ = ९२ किंवा ६८ + ४×८ = १०० पिक्सेल होते, आणि कोणत्याही एका बाजूला नजर जास्तीत जास्त ५१ पिक्सेल, म्हणजे सुमारे २५ मीटर पोहोचते. स्किप कनेक्शनमुळे हा आकडा वाढत नाही, कारण ते उथळ थरांतून येतात आणि त्यांची स्वतःची नजर याहून आखूडच असते. अनेक वाटा एकत्र येतात तेथे सर्वांत लांब पोहोचणारी वाट मोजायची.

आता एक कप्पा घेऊ, ९० मीटर रुंद आणि १४० मीटर लांब. चित्रात तो १८० × २८० पिक्सेलांचा होतो. त्याचा मध्यबिंदू जवळच्या बांधापासून ९० पिक्सेल दूर आहे आणि नजर ५१ पिक्सेलांपर्यंतच जाते. चारही बाजूंनी ५१ पिक्सेलांचा पट्टा सोडला, तर आत ७८ × १७८ पिक्सेलांचा गाभा उरतो, म्हणजे कप्प्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे २८ टक्के भाग. या गाभ्यातील एकाही पिक्सेलला एकही बांध दिसू शकत नाही. नकाशावरचा डाग साधारण याच आकाराचा, कप्प्याच्या कडांना समांतर असा दिसतो, आणि तो तसा दिसणे हेच निदानाला दुजोरा देते.

डाग हिशेबापेक्षा मोठा का असतो

प्रत्यक्षात डाग २८ टक्क्यांहून मोठा निघतो, आणि त्यामुळे हिशेब चुकला असे वाटू शकते. हिशेब बरोबर असतो, पण तो फक्त बाह्य मर्यादा सांगतो. रिसेप्टिव्ह फील्डच्या मध्याजवळच्या पिक्सेलचा परिणाम आउटपुटपर्यंत असंख्य वाटांनी पोहोचतो, तर अगदी कोपऱ्यातल्या पिक्सेलसाठी एखादीच वाट असते. लुओ, ली, उर्तासुन आणि झेमेल यांनी २०१६ मध्ये दाखवले, की हा परिणाम मध्याभोवती घंटेच्या आकारात एकवटतो आणि प्रभावी रिसेप्टिव्ह फील्ड सैद्धांतिक आकड्याचा एक अंशच व्यापते. केवळ थर वाढवत नेले तर सैद्धांतिक मर्यादा थरांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, पण प्रभावी भाग साधारण तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जितके थर घालावेत तितका दोघांमधला फरक रुंदावतो. शिकवणीने प्रभावी भाग काहीसा पसरतो, पण कडेपर्यंत भरून जात नाही.

वरच्या कप्प्यात नजर ५१ ऐवजी प्रत्यक्षात ३० पिक्सेलांपर्यंतच उपयोगी पडते असे धरले, तर गाभा १२० × २२० पिक्सेलांचा होतो आणि निम्म्याहून थोडा अधिक कप्पा अंधारात जातो. शिवाय बांधाचा एखादा कोपरा नुसता नजरेला स्पर्शून गेला म्हणून भागत नाही. एक सरळ कड खाडीच्या बंधाऱ्याचीही असू शकते. दोन समांतर बांध किंवा त्यांचा काटकोन दिसला तरच तो मिठागराचा कप्पा आहे हे ठरते. म्हणून रचना निवडताना मी नेहमी असे धरतो, की सर्वांत मोठ्या नेहमीच्या कप्प्याच्या मध्यावरून संपूर्ण कप्पा आणि त्याबाहेरचा थोडा भाग सैद्धांतिक चौकोनात मावला पाहिजे.

नेटवर्कवरच मोजून पाहणे

हातच्या हिशेबाची पडताळणी ग्रेडियंटने करता येते. मध्यावरच्या एका आउटपुट पिक्सेलचा संपूर्ण इनपुटच्या सापेक्ष ग्रेडियंट घ्यावा आणि तो कोठपर्यंत शून्याहून वेगळा आहे ते पाहावे.

```python
x = torch.zeros(1, 3, 512, 512, dtype=torch.double,
                requires_grad=True)
y = net(x)                      # softmax पूर्वीचे आउटपुट
y[0, :, 258, 258].sum().backward()
g = x.grad.abs().sum(dim=(0, 1))
rows = torch.nonzero(g.sum(dim=1)).flatten()
print(rows.min().item(), rows.max().item())
```

ही चाचणी चार ठिकाणी फसवते. मॅक्स पूलिंगमधून ग्रेडियंट फक्त जिंकलेल्या पिक्सेलकडे जातो आणि रेलू काही वाटा पूर्ण बंद करतो, म्हणून सैद्धांतिक मर्यादा मोजताना नेटवर्कच्या प्रतीत मॅक्स पूलिंगच्या जागी सरासरी पूलिंग आणि रेलूच्या जागी `nn.Identity` ठेवावे आणि सगळी वजने ०.०१ सारख्या एका धन संख्येने भरावीत. बॅच नॉर्मलायझेशन शिकवणीच्या अवस्थेत ठेवले तर ते संपूर्ण प्रतिमेची सरासरी वापरते, आणि तेव्हा रिसेप्टिव्ह फील्ड संपूर्ण प्रतिमेएवढे असल्याचा भास होतो. म्हणून `net.eval()` आवश्यक आहे. सॉफ्टमॅक्सनंतरच्या सर्व वर्गांची बेरीज नेहमी १ असते, त्यामुळे तिचा ग्रेडियंट शून्यच येतो. बेरीज सॉफ्टमॅक्सपूर्वीच्या संख्यांची घ्यावी. आणि इतक्या लहान संख्यांचे गुणाकार साध्या `float32` मध्ये शून्य होऊन जाऊ शकतात, म्हणून `net.double()` करून चाचणी चालवावी.

वरच्या नेटवर्कसाठी २५८ या पिक्सेलला २१० ते ३०९, म्हणजे १०० ओळी यायला हव्यात, आणि २५६ या पिक्सेलला २१० ते ३०१, म्हणजे ९२. आकडा याहून लहान आला तर एखादा थर समजतो तसा जोडलेला नाही. हीच चाचणी शिकवलेल्या, न बदललेल्या नेटवर्कवर खऱ्या चित्रांनी अनेक वेळा चालवून ग्रेडियंटच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी घेतली, की प्रभावी भागाचे चित्र मिळते.

दुरुस्ती: डायलेशन, आणि तेही योग्य जागी

नजर वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चित्रेच अर्ध्या आकाराची करून नव्याने शिकवणे. तेच १०० पिक्सेल मग १०० मीटर व्यापतात. निदान पक्के करण्यासाठी हा प्रयोग आधी करावा असे मी आग्रहाने सांगेन: डाग लक्षणीय आक्रसला तर कारण निश्चित झाले. कायमचा उपाय म्हणून मात्र तो त्रासदायक आहे, कारण दोन मीटर रुंदीचा बांध चार पिक्सेलांवरून दोन पिक्सेलांवर येतो आणि ज्या खुणेसाठी हा खटाटोप चालला आहे तीच पुसट होते. आणखी एक पूलिंग टप्पा वाढवला तरी तळाशी हीच अडचण येते, पण तेथे स्किप कनेक्शन बारीक रेषा बऱ्याच अंशी परत आणतात. मेमरी पुरत असेल तर तो मार्ग वाईट नाही.

डायलेशनमध्ये कर्नलची नऊ वजने तशीच राहतात, पण त्यांच्यातले अंतर वाढते, त्यामुळे रिझोल्यूशन न गमावता नजर लांब जाते. ते कोठे ठेवायचे हे सूत्रच सांगते. भर `d * (k - 1) * j` आहे. डायलेशन ८ चे एक कन्व्होल्यूशन सुरुवातीला, `j` १ असताना ठेवले, तर १६ पिक्सेल मिळतात. तेच तळाशी, `j` ८ असताना ठेवले, तर १२८ मिळतात. वजनांची संख्या दर चॅनेलमागे सारखीच, आणि लाभ आठपट.

म्हणून तळाच्या दोन कन्व्होल्यूशनांच्या जागी १, २, ४ आणि ८ डायलेशनची चार ३×३ कन्व्होल्यूशन ठेवू. तळात शिरताना `r` ३६ आहे. त्यानंतर तो ५२, ८४, १४८ आणि २७६ होतो. डिकोडरची भर धरून ३०० किंवा ३०८, आणि एका बाजूला जास्तीत जास्त १५५ पिक्सेल, म्हणजे सुमारे ७७ मीटर. आपल्या कप्प्याच्या मध्यापासून लांबट टोकाचा बांध १४० पिक्सेलांवर आहे. तोही आता चौकोनात येतो.

```python
print(rf([c, c, p] * 3 + [(3, 1, d) for d in (1, 2, 4, 8)]))
# (276, 8)
```

डायलेशनचा क्रम १ पासून का सुरू केला ते सांगणे आवश्यक आहे, कारण सूत्र याबाबतीत गप्प राहते. सूत्र चौकोनाची बाह्य कड सांगते, आतली किती जागा खरोखर पाहिली जाते ते सांगत नाही. २, ४, ८ असे तीनच थर ठेवले तर तळाच्या पेशींपैकी एकाआड एकच पेशी एका उत्तरात सहभागी होते. शेजारच्या दोन पेशींची उत्तरे पूर्णपणे वेगवेगळ्या पेशींवर उभी राहतात आणि नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी उमटते. सलग सर्व थरांना २ किंवा ४ असे एकच डायलेशन दिले तरी तेच होते. सर्व डायलेशनांना एकापेक्षा मोठा समान विभाजक असेल तर ही जाळी टळत नाही. १, २, ४, ८ या क्रमात −१५ ते +१५ या टप्प्यातली प्रत्येक पेशी गाठली जाते, कोणतीही जागा रिकामी राहत नाही. वरच्या ग्रेडियंट चाचणीत ही जाळी पकडायची असेल, तर ती तळाच्या थराच्या सापेक्ष घ्यावी, कारण इनपुटपर्यंत येईतोवर आधीची कन्व्होल्यूशन त्या फटी झाकून टाकतात.

दुरुस्तीनंतरही डाग राहिला तर

नजर वाढवूनही काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार आली की मी सर्वप्रथम शिकवणीच्या तुकड्यांचा आकार विचारतो. तुकडे १२८ × १२८ पिक्सेलांचे असतील, तर जमिनीवर ते फक्त ६४ मीटरचे आहेत. मोठ्या कप्प्याच्या मधून कापलेल्या अशा तुकड्यात बांध नसतोच. नेटवर्कची नजर कितीही लांब असो, शिकताना तिच्यासमोर तुकड्याबाहेर फक्त शून्यांचे पॅडिंग असते. तळाचे गणितही बिघडते. १२८ चा तुकडा तळाशी १६ पेशींचा होतो, आणि डायलेशन ८ च्या कर्नलची डावी किंवा उजवी बाजू प्रत्येक पेशीसाठी पॅडिंगवर पडते: पेशी ० ते ७ साठी डावी, ८ ते १५ साठी उजवी. वर-खालीही तेच. असा कर्नल शिकवणीत दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच पाहत नाही, आणि दोन समांतर बांध ही तर आपली मुख्य खूण आहे. या नेटवर्कसाठी तुकडे किमान ५१२ पिक्सेलांचे असावेत आणि मेमरी अपुरी पडली तर बॅचचा आकार कमी करावा, तुकड्याचा नव्हे. बॅच फारच लहान झाली तर बॅच नॉर्मलायझेशनऐवजी ग्रुप नॉर्मलायझेशन वापरावे.

दुसरी तक्रार नवी असते: डाग गेला, पण संपूर्ण पट्ट्याचा नकाशा जोडल्यावर तुकड्यांच्या सांध्यांवर सरळ रेषा दिसू लागल्या. जुन्या नेटवर्कला तुकड्यांमध्ये जेवढी आच्छादित जागा ठेवली होती, तेवढीच नव्यालाही ठेवल्याने हे होते. तुकड्याच्या कडेपासून १५५ पिक्सेलांच्या आत असलेल्या प्रत्येक पिक्सेलच्या उत्तरात आता पॅडिंगचा वाटा आहे. म्हणून प्रत्येक बाजूचे १६० पिक्सेल टाकून द्यावेत (आठच्या पटीत राहण्यासाठी १६०) आणि तुकड्यांच्या सुरुवातीही आठच्या पटीतच ठेवाव्यात, नाहीतर पूलिंगची जाळी सरकते आणि तोच पिक्सेल दोन तुकड्यांत दोन उत्तरे देतो. २०१५ च्या मूळ यू-नेटमध्ये पॅडिंगच नव्हते; ५७२ पिक्सेलांच्या इनपुटमधून ३८८ पिक्सेलांचे आउटपुट निघत असे, म्हणजे प्रत्येक बाजूचे ९२ पिक्सेल रचनाच टाकून देत असे. पॅडिंग वापरणाऱ्या नेटवर्कमध्ये ती शिस्त आपल्याला पाळावी लागते.

तिची किंमतही मोजून घ्यावी. ५१२ च्या तुकड्यातून दोन्ही बाजूंचे १६० वजा केले तर १९२ पिक्सेलांचा गाभा उरतो, म्हणजे केलेल्या कामापैकी सुमारे १४ टक्केच उपयोगी. १०२४ च्या तुकड्यात गाभा ७०४ चा होतो आणि उपयोगी भाग ४७ टक्क्यांवर जातो. नकाशा काढताना ग्रेडियंट साठवायचे नसतात, त्यामुळे शिकवणीपेक्षा मोठे तुकडे मेमरीत सहसा मावतात. मावतील तेवढे मोठे घ्यावेत.

दुरुस्ती झाल्यावर सुरुवातीचा अंतराचा आलेख त्याच चित्रांवर पुन्हा काढावा. आधी जेथे चूक उसळत होती तेथे तो सपाट झालेला असावा आणि सीमेलगतच्या पहिल्या गटात चूक वाढलेली नसावी. पहिल्या गटात ती वाढली असेल, तर डायलेशनच्या थरांनी बारीक तपशील झाकोळला आहे असे समजावे, आणि डिकोडरच्या शेवटच्या पायरीवरील स्किप कनेक्शनमध्ये चॅनेल पुरेसे आहेत का ते तपासावे.

एक मर्यादा या रचनेतही उरते. मिठागरात खाडीचे पाणी प्रथम साठवले जाते त्या मोठ्या साठवणीच्या जागा नेहमीच्या कप्प्यांपेक्षा कितीतरी रुंद असू शकतात. अशा जागेचा मध्य बांधापासून ७७ मीटरांहून दूर असेल, तर वरचेच गणित वरचाच डाग भाकीत करते. तेथे डायलेशन १६ चा पाचवा थर जोडून `r` २७६ वरून ५३२ वर नेता येतो, पण त्याबरोबर शिकवणीचे तुकडे आणि टाकून देण्याची कड दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. त्यापेक्षा तेच चित्र चौथाई रिझोल्यूशनला पाहणारी एक वेगळी शाखा ठेवून तिची माहिती तळाशी जोडणे मला अधिक परवडणारे वाटते: तिच्या एका पिक्सेलमध्ये दोन मीटर मावतात, दोन मीटरचा बांध तिला जेमतेम दिसतो, पण पाण्याचा एवढा मोठा काटकोनी आकार ओळखायला तेवढे पुरते.